दोघांची कंपनी, निम्मे-निम्मे शेअर: बोर्डावर तिसरा माणूस कधी घ्यावा आणि कोण?

पर्वरी पठार (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार. दोन-तीन वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि माझा मित्र फर्मागुडीला एकत्र शिकलो. २०२२ साली आम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. छोटी हॉटेलं, गेस्ट हाऊस, होमस्टे यांच्यासाठी आमचं सॉफ्टवेअर आहे. एकच खोली दोन साइटवर दोन गिऱ्हाइकांना जाऊ नये, एवढं बघणं हे त्याचं मूळ काम. नऊ माणसं आहेत, मागच्या वर्षीची उलाढाल १ कोटी १० लाख. शेअर निम्मे-निम्मे आणि संचालक आम्ही दोघेच. ऑफिस माझ्या वडिलांच्या घराच्या तळमजल्यावर, महिना २५,००० भाड्यानं.

आता मुंबईचे एक गुंतवणूकदार १२ टक्क्यांसाठी ७५ लाख द्यायला तयार आहेत. त्यांना बोर्डावर स्वतः यायचं आहे, आणि शिवाय त्यांच्या ओळखीतला एक 'स्वतंत्र संचालक' हवा आहे. म्हणजे आम्ही दोघं, ते आणि तो चौथा.

त्यात गेले पाच महिने आमचं दोघांचं एका गोष्टीवरून अडलंय. भागीदाराला बेंगळुरूत ऑफिस आणि १८ लाख पगाराचा सेल्स हेड हवा आहे. मला वाटतं, आधी कोकण आणि कारवारपर्यंतची हॉटेलं धरावीत. भांडण नाही, पण प्रत्येक मीटिंगच्या शेवटी "बघूया पुढच्या वेळी". पैसे येण्याआधीच आपला एखादा तिसरा माणूस घ्यावा असं मला वाटू लागलंय. त्याला आमचे कॉलेजचे सर हवेत. माझ्या मनात हॉटेल व्यवसायातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत.

आत्ता घ्यावा की पैसे आल्यावर? आणि कायद्यानं घ्यावाच लागतो का?

---

काजूवाला (सोमवार, रात्री ११:०५)

ताई, आमचं पण अगदी हेच झालं होतं. मी आणि धाकटा भाऊ, डिचोलीला काजूचा कारखाना. बॉयलर बदलायचा की नाही यावर दोन हंगाम बोलणं बंद. शेवटी मामाला १० टक्के देऊन भागीदार केलं. मामा जेवायला यायचा, दोघांचं ऐकायचा आणि आईला जे बरं वाटेल ते सांगायचा. पण निकाल तरी लागायचा! घरातलाच कोणी वडीलधारा बघा.

---

दोन पै (सोमवार, रात्री ११:३०)

कायद्यानं स्वतंत्र संचालक १० कोटी भांडवल किंवा १०० कोटी उलाढाल झाली की सक्तीचा आहे. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही, तेव्हा आत्ता विसरा. घेतलाच तर त्याचं नाव सरकारी डेटाबँकेत असायला हवं, परीक्षा पास झालेला हवा.

आणि दोघांत अडलं तर त्यात काय एवढं? अध्यक्षाला कास्टिंग व्होट असतो. दोघांपैकी एक अध्यक्ष असणारच. त्यानं दुसरं मत टाकलं की संपलं.

---

शिक्का आणि सही (मंगळवार, सकाळी ७:१५)

पाटोवर एकोणीस वर्षं कंपनी सेक्रेटरीचं काम करतो आहे. कंपन्यांची नोंदणी बघणारं आरओसी ऑफिस जवळच, त्यामुळे अशी जोडपी (व्यवसायातली) आठवड्याला एक तरी बघतो. सकाळी वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो.

काजूवाला, तुमची भागीदारी फर्म होती, तिथे मामाला भागीदार केल्यावर मालकी आणि मत दोन्ही एकत्र मिळालं. कंपनीत या दोन वेगळ्या खोल्या आहेत. बोर्डात डोकी मोजतात, भागधारकांच्या सभेत शेअर मोजतात. ताईंचा गोंधळ नेमका याच उंबऱ्यावर आहे.

दोन पै, तुमचे आकडे बरोबर, पण ते पब्लिक कंपनीचे. शेअर बाजारात नसलेल्या पब्लिक कंपनीला १० कोटी भरणा भांडवल, १०० कोटी उलाढाल किंवा ५० कोटींवर कर्ज झालं की दोन स्वतंत्र संचालक लागतात. प्रायव्हेट कंपनीला उलाढाल कितीही होवो, ही सक्ती नाही. डेटाबँक आणि परीक्षाही त्या सक्तीच्या स्वतंत्र संचालकांसाठी. ताईंनी तिसरा माणूस घेतला तर तो कायद्याच्या भाषेत साधा बिगर-कार्यकारी संचालक. हा शब्दाचा कीस नाही. का, ते खाली येईल.

आता कास्टिंग व्होट. ताई, तुमचे आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली, उघडा. नोंदणीच्या वेळी कोणी काही वेगळं लिहिलं नसेल तर कायद्याच्या जोडपत्रातला 'टेबल एफ' जसाच्या तसा लागू असेल. त्यात समसमान मतं पडली तर अध्यक्षाला जादा मत आहे हे खरं. पण अध्यक्ष निवडायचा बोर्डानं. दोघांच्या बोर्डात दोघांनी आपापलं नाव सुचवलं तर अध्यक्षच निवडला जात नाही. आणि निवडला गेला, तरी दुसऱ्यानं मीटिंगला यायचंच नाही. बोर्डाचा कोरम म्हणजे एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यातलं जे जास्त असेल ते. दोघांच्या बोर्डात दोघंही लागतात. एक आला नाही तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी. तेव्हाही आला नाही तर सभा रद्द. कास्टिंग व्होट खिशातच राहतो.

फिरत्या ठरावानंही सुटत नाही, त्यालाही बहुमत लागतं आणि दोघांत बहुमत म्हणजे दोघं. वर्षभर सगळ्या सभांना गैरहजर राहिला तर संचालकपद जातं असं कलम आहे, पण सभाच भरली नाही तर गैरहजेरी कशाची मोजायची यावर वकील लोक घर बांधतात.

तिसरा आला की यातलं काय बदलतं ते बघा. तिघांच्या बोर्डाचा कोरमही दोनच. म्हणजे तुमच्यातला कोणीही एक आणि तो तिसरा मिळून रीतसर सभा भरवू शकतात, ठराव करू शकतात, दुसरा घरी बसला तरी. तो सल्लागार नव्हे, निकाल त्याच्या हातात. दोघांपैकी एकालाही "माझ्याविरुद्ध दोन मतं पडली तर मी मान्य करीन" असं मनापासून म्हणता येत नसेल, तर त्याला बोर्डावर घेऊ नका. सल्लागार ठेवा, महिन्याला दोन तास भेटा, मानधन द्या. बहुतेक दुकलींना पहिली दोन-तीन वर्षं तेवढंच पुरतं.

क्लायंट आला. उरलेलं संध्याकाळी.

---

पर्वरी पठार (मंगळवार, दुपारी १:२०)

आर्टिकल्स काढून बघितले. टेबल एफ, शब्दही बदललेला नाही. अध्यक्ष आम्ही कधी निवडलाच नाही. पण गंमत म्हणजे तीन वर्षांच्या सगळ्या मिनिट्समध्ये "सभेचे अध्यक्षस्थान अमुक यांनी स्वीकारले" असं माझ्या भागीदाराचं नाव आहे. आमच्या सीएंच्या ऑफिसातला मुलगा पहिली फाइल कॉपी करून तारीख बदलत होता. मी प्रत्येक वेळी सही केलेली आहे.

---

खारं वारं (मंगळवार, दुपारी १:३५)

वाचनखूण साठवली. आमच्या मिनिट्समध्ये तर मागच्या वर्षी वारलेले काका अजून "उपस्थित" आहेत.

---

वेर्णा बायपास (मंगळवार, दुपारी ३:००)

माझा अनुभव लिहितो, कोणाचंही नाव न घेता.

आम्हीही दोघंच होतो, वेर्ण्यात छोटं युनिट, पॅकेजिंग मशिनरीचे सुटे भाग. दुसऱ्याच वर्षी आम्ही बँकेतून निवृत्त झालेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यांना संचालक केलं. खरं कारण सांगायचं तर लेटरहेडवर नाव छान दिसत होतं. कर्ज सोपं जाईल असंही वाटलं. ते तिमाहीला यायचे, चहा-भजी, दोन चांगल्या सूचना, समाधान.

चौदा महिन्यांनी जीएसटीच्या थकबाकीची नोटीस आली. आमचं एक मोठं बिल अडकलं होतं, त्या नादात तीन महिने कर भरला नव्हता. नोटिशीत तिन्ही संचालकांची नावं होती. त्यांचा फोन आला, आवाज थंड. "मला हे कोणी सांगितलं का नाही?" आम्ही म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी राजीनामा.

त्यात आमची आणखी एक चूक. राजीनामा घेऊन आम्ही तसेच बसलो, आरओसीकडे फॉर्मच भरला नाही. पुढचे सात महिने कंपनी मंत्रालयाच्या साइटवर ते आमचे संचालकच दिसत होते. ते भले माणूस, पण त्या सात महिन्यांत त्यांनी आमच्याशी केलेलं संभाषण मी इथे लिहू शकत नाही.

तेव्हा "कधी घ्यावा" याचं माझं उत्तर: तुमचे करांचे चलन, पीएफ, पगार हे सगळं वेळेवर जात असल्याचा एक कागद दर महिन्याला त्याला पाठवता येईल, तेव्हा. त्याआधी कोणा सज्जनाला यात ओढू नका.

---

मांडवीपार (मंगळवार, संध्याकाळी ५:४५)

मी टेबलाच्या पलीकडे बसतो. छोट्या रकमा गुंतवतो, सहा-सात कंपन्यांत आहेत. मत थोडं वेगळं आहे.

१२ टक्क्यांना बोर्डावर जागा आणि वर स्वतःच्या ओळखीतला चौथा, हे जरा जास्त होतंय. 'स्वतंत्र' म्हणवणारा माणूस एका बाजूनं आणला की तो त्या बाजूचा दुसरा संचालकच असतो, तसं तोंडावर सांगा. तरी ते मागताहेत त्यात दुष्टपणा नाही. निम्मे-निम्मेवाल्या दुकलीत पैसा घालताना पहिली भीती हीच की उद्या हे दोघं बोलायचे बंद झाले तर माझे ७५ लाख कोणाच्या घरात अडकले. मी स्वतः दोनदा अडकलो आहे.

मी असतो तर जागा मागितलीच नसती. निरीक्षक म्हणून बसायची मुभा आणि दहा-बारा गोष्टींवर माझ्या संमतीची अट एवढं घेतलं असतं. नवे शेअर काढणं, मोठं कर्ज, संस्थापकांचे पगार, धंदा बदलणं वगैरे. तिसरी खुर्ची तिघांनी मिळून निवडलेल्या माणसाला. चार हा आकडा मात्र नको, सम संख्येच्या बोर्डानं नवीन अडणूक विकत घेतल्यासारखं होतं.

---

दोन पै (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

चूक मान्य, पब्लिक-प्रायव्हेटचं डोक्यातून निसटलं. पण मग सोपं आहे की. आत्ताच दोघांनी बोर्डाच्या ठरावानं सरांना किंवा त्या हॉटेलवाल्यांना अतिरिक्त संचालक करून टाका, मग गुंतवणूकदार आल्यावर बोर्ड आधीच तिघांचं. तो काय बोलणार?

---

शिक्का आणि सही (मंगळवार, रात्री ९:३०)

दोन पै, याच वाटेनं गेलेली एक कंपनी माझ्या टेबलावर आहे, म्हणून थांबवतो.

बोर्डानं नेमलेला अतिरिक्त संचालक भागधारकांच्या पुढच्या वार्षिक सभेपर्यंत, म्हणजे एजीएमपर्यंतच असतो. तिथे भागधारकांनी साधा ठराव करून त्याला कायम करावं लागतं. भागधारक दोघंच, निम्मे-निम्मे. समजा मधल्या आठ महिन्यांत त्या माणसानं दोनदा ताईंच्या बाजूनं मत दिलं. एजीएममध्ये भागीदार विरोधात मत देतो, पन्नास विरुद्ध पन्नास, आणि टेबल एफमधलं सभेच्या अध्यक्षाचं जादा मत ताईंकडे नसेल तर ठराव नापास. तिसरा गेला. ज्या दिवशी तो खरंच उपयोगी पडला, त्याच्या पुढच्या एजीएमला तो उरत नाही.

म्हणून दोघं एकमतात असतानाच ईजीएम, म्हणजे भागधारकांची विशेष सभा बोलवा आणि थेट भागधारकांच्या ठरावानं नेमा. प्रायव्हेट कंपनीत आर्टिकल्सनी वेगळं सांगितलं नसेल तर संचालकांनी पाळीपाळीनं निवृत्त व्हायची अट नाही. मग त्याला काढायलाही भागधारकांचा साधा ठराव लागेल, आणि सभेच्या अध्यक्षाचं जादा मत आर्टिकल्समधून काढलेलं असेल तर पन्नास-पन्नासमध्ये तो एकट्याच्या जोरावर होणार नाही. म्हणजे नेमायला दोघं, काढायलाही दोघं. हाच त्याचा स्वतंत्रपणा, बाकी सगळं स्वभावावर. तो गळ्यात पडू नये म्हणून नेमणूक पत्रात दोन वर्षांची मुदत घालून ठेवा आणि मुदत संपली की राजीनामा द्यायचं त्याच्याकडून लिहून घ्या.

आता पैसे आल्यानंतरचं गणित. हे तुम्हा दोघांनी एकत्र बसून, कागदावर करावं असं माझं सांगणं आहे.

७५ लाखांना १२ टक्के म्हणजे पैसे आल्यावर कंपनीची किंमत सव्वासहा कोटी धरली. तुम्ही दोघं ४४-४४ वर येता. बोर्डाकडे क्षणभर बघू नका, भागधारकांच्या सभेकडे बघा. साध्या ठरावाला अर्ध्याहून जास्त मतं लागतात. तुम्ही एकमेकांविरुद्ध असाल तर ४४ विरुद्ध ४४ आणि निकाल त्या १२ च्या हातात. ४४ अधिक १२ म्हणजे ५६. आणि संचालकाला मुदतीआधी काढायला कायद्यानं साधाच ठराव लागतो. विशेष नोटीस द्यायची, त्याला आपली बाजू मांडू द्यायची, मग मतदान. म्हणजे तुमच्यातला कोणीही एक त्या गुंतवणूकदाराला घेऊन दुसऱ्या संस्थापकाला बोर्डावरून उतरवू शकतो. तुम्ही चौथा कोण यावर वाद घालताय, पण खरी चावी त्या १२ टक्क्यांत आहे.

उलट बाजूही बघा. आर्टिकल्स बदलायला विशेष ठराव, म्हणजे ७५ टक्के. ५६ नं ते होत नाही. ४४ वाला एकटाही अडवू शकतो. म्हणून जे हवं ते आर्टिकल्समध्ये घालून घ्या: प्रत्येक संस्थापकाकडे अमुक टक्के शेअर असेपर्यंत एक संचालक सुचवायचा हक्क, आणि बाकीच्यांनी त्याच्या बाजूनं मत द्यायचं बंधन. नुसत्या शेअरहोल्डर करारात ठेवून आर्टिकल्समध्ये न आणलेल्या अटींवर कंपनी बांधलेली राहत नाही. शेअर हस्तांतराच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली रंगराज खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे.

त्यांचा चौथा माणूस घेतला तर बोर्ड दोन-दोन. समसमान झालं की अध्यक्षाचं जादा मत, आणि गुंतवणूकदारांचे वकील पहिल्याच मसुद्यात ते कलम खोडतात. मग पुन्हा अडलं. तीन ठेवा. पाचवर जायचं ते पुढच्या फेरीत दुसरा गुंतवणूकदार जागा मागेल तेव्हा: दोन तुम्ही, दोन ते, पाचवा दोन्ही बाजूंनी मान्य केलेला.

---

मांडवीपार (मंगळवार, रात्री १०:१५)

गणित चोख. एकच भर घालतो. पैसे बहुधा सीसीपीएसमध्ये, म्हणजे पुढे सक्तीनं साध्या शेअरमध्ये बदलणाऱ्या प्रेफरन्स शेअरमध्ये येतील, थेट साध्या शेअरमध्ये नाही. तेव्हा त्या १२ टक्क्यांना सगळ्या ठरावांवर मत आहे की फक्त स्वतःच्या हक्काला धक्का लागेल तिथेच, हे तुमच्या आर्टिकल्समध्ये कसं लिहिलंय त्यावर ठरेल. प्रायव्हेट कंपनीला ते हवं तसं ठेवायची मुभा आहे. आमच्या मसुद्यात "रूपांतर झालं असं धरून मत" असं एक निरुपद्रवी दिसणारं वाक्य असतं. ते वाचा.

---

पर्वरी पठार (मंगळवार, रात्री ११:५०)

५६ चा आकडा बघून आम्ही दोघंही गप्प झालो. हो, भागीदाराला धागा दाखवला. त्याचं पहिलं वाक्य, "तू मला काढणार होतीस की मी तुला?" मग हसलो, पण जरा उशिरानं.

दोन प्रश्न. त्या तिसऱ्या माणसाला द्यायचं काय? आणि वडिलांच्या घराच्या भाड्याचं मी सुरुवातीला सहज लिहिलं होतं, त्यावर कोणीच बोललं नाही.

---

शिक्का आणि सही (बुधवार, सकाळी ७:०५)

भाडं: वडील म्हणजे संचालकाचे नातेवाईक, तेव्हा हा संबंधिताशी व्यवहार झाला. वर्षाचे ३ लाख तुमच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत, त्यामुळे भागधारकांपर्यंत जावं लागत नाही. बोर्डाचा ठराव आणि तुमच्या हितसंबंधाची लेखी नोंद हवी. प्रायव्हेट कंपनीत तसं सांगून तुम्ही त्या सभेला कोरमला बसू शकता. कायदा मोकळा आहे, पण आज तो ठराव करणारा तुमचा भागीदार एकटाच उरतो आणि मैत्रीत तो "पंचवीस जास्त आहेत" म्हणणार नाही. तिसऱ्या माणसाचं पहिलं खरं काम हेच असतं: एकाचं भाडं, दुसऱ्याचा पगार, कोणाच्या चुलतभावाला दिलेलं काम. बेंगळुरूचा वाद त्याच्यासमोर नंतर आणा.

मोबदला: मीटिंगची फी देता येते, कमाल मर्यादा मीटिंगला १ लाख. तुमच्या आकाराला ५ ते १० हजार शोभतील. त्यावर १० टक्के टीडीएस, आणि जीएसटी त्याच्याऐवजी कंपनीनं रिव्हर्स चार्ज पद्धतीनं भरायचा, तो विसरू नका. आता काल सकाळचा शब्दाचा कीस इथे कामाला येतो. स्वतंत्र संचालकाला ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या भावानं शेअर घ्यायचा हक्क, देता येत नाही. साध्या बिगर-कार्यकारी संचालकाला देता येतो. म्हणून फॉर्म भरताना 'स्वतंत्र' हा पर्याय निवडू नका, सीएंच्या ऑफिसातल्या त्याच मुलाला हे दोनदा सांगा. अर्धा टक्का, दोन वर्षांत मिळेल असा, ही मी पाहिलेली रीत. हातात यायला किमान एक वर्ष जावं लागतं.

आणि वेर्णा बायपास यांचा मुद्दा पक्का आहे. कंपनी कायद्यात बिगर-कार्यकारी संचालकाला बरंच संरक्षण आहे. त्याला माहीत असताना, त्याच्या संमतीनं किंवा हलगर्जीनं घडलं तरच तो अडकतो. पण प्रायव्हेट कंपनीचा आयकर किंवा जीएसटी वसूल झाला नाही तर खातं संचालकांच्या मागे जाऊ शकतं, आणि आपली घोर हयगय नव्हती हे त्यानंच सिद्ध करायचं. म्हणून दर महिन्याचा तो कागद त्याचं चिलखत. राजीनामा आला तर ३० दिवसांत डीआयआर-१२ भरा. कंपनीनं नाही भरला तर तो स्वतः डीआयआर-११ भरू शकतो, हे त्याला नेमतानाच सांगून ठेवा.

---

काजूवाला (बुधवार, सकाळी ९:२०)

वाचून डोकं गरगरलं. पण एक विचारतो, मामा तरी निदान फुकट होता. हे सगळं करून तो तिसरा माणूस चुकीचा निर्णय देणार नाही कशावरून? बेंगळुरूला जावं की कारवारला, हे कॉलेजातल्या सरांना काय कळणार?

---

वेर्णा बायपास (बुधवार, सकाळी १०:००)

काजूवाला बरोबर बोलले. आमच्या दुसऱ्या वेळच्या संचालक बाई पुण्यातल्या कारखान्यात खरेदीप्रमुख होत्या. त्या आमच्याविरुद्ध दोनदा गेल्या, एकदा त्या चुकल्या. तरी त्या राहिल्या, कारण त्या माल विकत घेणाऱ्याच्या जागेवरून बोलायच्या. सरांना आधी सहा महिने सल्लागार म्हणून बसवा. तीन मीटिंग अशा बघा की ज्यात तुमच्यापैकी एकाला त्यांचं म्हणणं आवडलं नाही. तशी एकही मीटिंग झाली नाही तर ते मामाच.

---

मांडवीपार (बुधवार, दुपारी १२:३०)

इथे मी असहमत. सहा महिने थांबलात तर गुंतवणूकदार त्यांचा माणूस पुढे करणार, आणि तेव्हा तुमच्याकडे नाव तयार नसणार. पैसे खात्यात यायच्या आधी तिसरा नेमलेला हवा, भले तो मनासारखा नसो. मुदत दोन वर्षांचीच आहे ना?

---

शिक्का आणि सही (बुधवार, दुपारी २:१०)

यावर आमच्यात एकमत होणार नाही, मांडवीपार. घाईनं नेमलेला संचालक काढायला लागणारी दोन मतं मी पाहिली आहेत, आणि त्यातलं एक मत शेवटी मुंबईला एनसीएलटीत, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणात जाऊन मागावं लागलं होतं. गोव्याचं खंडपीठ नाही, प्रत्येक तारखेला वकिलाचं विमान.

---

पर्वरी पठार (रविवार, रात्री ९:००)

सगळ्यांना देव बरें करूं. काय झालं ते कळवते.

गुंतवणूकदारांना आम्ही दोघांनी मिळून मेल केला: बोर्ड तिघांचं, तिसरी खुर्ची तिघांच्या संमतीची, त्यांना निरीक्षक आणि संमतीची यादी. त्यांनी खुर्ची सोडायला नकार दिला, पण चौथा माणूस सोडला. म्हणजे दोन अधिक एक, आणि तो एक म्हणजे ते. मतांच्या वाक्यावर वकिलांचं चाललंय. संस्थापकांचा संचालक सुचवायचा हक्क आर्टिकल्समध्ये घालायला ते तयार आहेत, फक्त २० टक्क्यांखाली गेलात तर हक्क जाईल म्हणतात. मला २० ठीक वाटतं, भागीदाराला १० हवेत.

म्हणजे स्वतंत्र माणूस या फेरीत तरी येत नाही. सर आणि ते हॉटेलवाले गृहस्थ, दोघांनाही सल्लागार म्हणून विचारलं. सर लगेच हो म्हणाले. हॉटेलवाले म्हणाले, आधी मागच्या दोन वर्षांचे जीएसटीचे चलन आणि घराचा भाडेकरार पाठवा, मग सांगतो.

---

वेर्णा बायपास (रविवार, रात्री ९:१२)

त्या हॉटेलवाल्यांना धरून ठेवा.

---

दोन पै (रविवार, रात्री ९:४०)

भाड्याचा करार रजिस्टर केलाय ना पण?

---

पर्वरी पठार (रविवार, रात्री १०:०५)

...उद्या बघते.